वीस मिनिटं, वीस फूट, वीस सेकंद आणि पापणी

"मॅडम, डोळ्यांतून पाणी गळून राहिलं, अन् तुम्ही म्हणता डोळे कोरडे झाले?"

मार्च संपत आला की आमच्या डोळे तपासायच्या खुर्चीत अकाउंट्सची माणसं जास्त दिसतात. हा दादा चौतीस वर्षांचा, नागपुरात शंकरनगरजवळ एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला. सकाळी दहा ते रात्री आठ स्क्रीनसमोर. दुपारी चारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, मग पाणी येतं, आणि संध्याकाळी घरी जाताना सिग्नलवरचे उलटे मोजणारे आकडे फाटल्यासारखे दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं. मी नंबर तपासला. जुनाच होता, पाव नंबरानंही हललेला नव्हता.

मग त्याला एक प्रश्न विचारला, जो मी अशा प्रत्येकाला विचारते. "आकडे फाटतात तेव्हा दोन-तीनदा पापण्या मिटल्या की साफ दिसतं का?" तो थांबला, आठवून म्हणाला, "हो ना. मिटल्या की दिसते, मग पुन्हा जाते."

या एका उत्तरात बरंच कळतं. पापणी मिटल्यावर धूसरपणा जात असेल तर गडबड अश्रूंच्या थरात आहे. स्क्रीनवरून मान वर केल्यावर लांबचं काही क्षण धूसर राहतं आणि मग आपोआप साफ होतं, तर डोळ्याच्या आतला स्नायू जवळच्या कामात अडकून बसला आहे. आणि पापणी मिटा, थांबा, काहीही करा, तरी धूसरच राहत असेल, तर नंबर किंवा दुसरं काही तपासायला हवं. ऑफिसात काम करणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी पहिल्या दोन प्रकारांत मोडतात, कधी दोन्ही एकत्र असतात.

या दोन्हींवर मिळून जो सोपा नियम सांगितला जातो तो म्हणजे वीस-वीस-वीस. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघायचं. जेफ्री अँशेल नावाच्या अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्टनं तो असा पाठ व्हायला सोपा करून रूढ केला. वीस हा आकडा तिन्हीकडे सारखाच का, याचं खरं उत्तर हेच की लक्षात राहतो. पण वीस फूट मात्र हवेतून आलेले नाहीत.

वीस फूट म्हणजे साधारण सहा मीटर. डोळे तपासताना अक्षरांचा तक्ता याच अंतरावर असतो, आणि '६/६ दृष्टी' म्हणतात त्यातला पहिला सहा हाच. तेवढ्या लांबून येणारे किरण डोळ्याच्या हिशेबानं जवळजवळ समांतर असतात, म्हणून डोळ्याला ते केंद्रित करायला वेगळं काम करावं लागत नाही. जवळचं बघताना मात्र करावं लागतं. डोळ्यातल्या भिंगाभोवती एक कडं असतं, स्नायूचं. जवळचं बघायचं असलं की हे कडं बटव्याच्या नाडीसारखं आवळतं, भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात आणि भिंग फुगतं. लांब बघितलं की कडं सैल होतं, धागे ताणले जातात, भिंग चपटं होतं. म्हणजे लांब बघणं ही त्या स्नायूची विश्रांतीच.

किती काम पडतं हे मोजताही येतं. एक भागिले मीटरमधलं अंतर, एवढाच हिशेब. स्क्रीन अर्ध्या मीटरवर असेल तर एक भागिले अर्धा, म्हणजे दोन. चष्म्याचा नंबर ज्या मापात असतो त्याच मापातले हे दोन. दिवसभर तुमचा डोळा स्वतःलाच आतून दोन नंबरचं भिंग लावून बसलेला असतो म्हणा ना. सहा मीटरवर हेच मोजलं तर येतं एक सहाशांश, म्हणजे जवळपास काहीच नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण लोक उगाच वीस फुटांवर अडून बसतात. आमचं केबिनच दहा बाय दहाचं, आम्ही काय करावं, असं विचारतात. दहा फूट म्हणजे तीन मीटर, त्यावर काम पडतं एक तृतीयांश. दोनवरून एक तृतीयांशावर आलात तरी ओझं बहुतांश उतरलंच. वीस फूट मिळाले तर उत्तम, दहा मिळाले तरी नियम वाया जात नाही.

वाया जातो तो दुसऱ्याच कारणानं. दादाला विचारलं, मधे ब्रेक घेतोस का? "घेतो ना, दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं मोबाइल पाहतो." हातातला मोबाइल साधारण तेहतीस सेंटीमीटरवर असतो. हिशेब केला की आकडा येतो तीन. दोन नंबरच्या कामातून सुट्टी म्हणून तीन नंबरचं काम! ओझं खाली ठेवायचं म्हणून दुसऱ्या खांद्यावर जास्त घेतल्यासारखं झालं. जवळच्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळे आत वळवावे लागतात तेही मोबाइलला जास्त. मोबाइलचा ब्रेक मानेसाठी, मनासाठी काय असेल ते असो, डोळ्यासाठी तो ब्रेक नाही.

पण दादाची मुख्य तक्रार स्नायूची नव्हतीच, ती होती पाण्याची. त्यासाठी एक साधी तपासणी केली. फ्लुरोसीन नावाच्या केशरी रंगाची कागदी पट्टी असते. तिचं टोक थेंबभर सलाइननं ओलं करून खालच्या पापणीच्या आत टेकवलं, तीनदा पापण्या मिटायला सांगितलं, आणि यंत्राचा निळा दिवा लावला. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर हिरवागार चमकायला लागतो, पावसाळ्यातल्या अंबाझरी तलावाच्या पाण्यावर शेवाळ चमकावं तसा. मग सांगायचं, आता मिटू नका. आणि मोजायचं. एक, दोन, तीन, चार... चारला त्याच्या बुबुळाच्या खालच्या भागात काळा ठिपका उमटला, मग त्याची रेघ झाली. तो ठिपका म्हणजे थर फाटल्याची जागा. निरोगी डोळ्यात थर दहा सेकंदांच्या आसपास किंवा जास्त टिकतो. त्याचा चार सेकंदांत फाटत होता.

अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. अगदी खाली डोळ्याला चिकटून राहणारा चिकट पदार्थ, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाची पातळशी साय. ही साय पाण्याला उडून जाऊ देत नाही. तिचं तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीनं बसलेल्या बारीक ग्रंथींतून, आणि त्या ग्रंथी दाबल्या जातात पापणी पूर्ण मिटली की. पापणीच मिटली नाही, तर तेल येणार कुठून? आणि पाणी उडालं की कोरडी पडलेली बुबुळाची कातडी मेंदूला ओरडून सांगते, पाणी पाठवा. मग वरच्या मोठ्या ग्रंथीतून एकदम पाणी सुटतं. या पाण्यात तेल पुरेसं नसतं, ते टिकत नाही, गालावर ओघळतं. म्हणून कोरड्या डोळ्यातून पाणी गळतं. दादाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता पापणीकडे या. गप्पा मारताना माणूस मिनिटाला पंधरा-वीसदा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हा आकडा निम्म्याच्या, कधी एक तृतीयांशाच्या खाली जातो. मी त्याला सांगितलं, उद्या मॉनिटरजवळ मोबाइल टेकवून ठेव, काम करत असताना स्वतःचा व्हिडिओ घे, आणि कामात खरंच बुडाला होतास तेव्हाचा त्यातला एक मिनिट बघ. दोन दिवसांनी तो व्हिडिओ घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून मोजलं, मिनिटात पाच. त्यातल्या दोन तर अर्ध्याच, वरची पापणी निम्म्यात येऊन परत फिरली होती. अर्धी मिटली म्हणजे खालचा भाग पुसलाच गेला नाही, म्हणून तर काळा ठिपका खालीच उमटला होता.

हिशेब असा झाला. पाच वेळा म्हणजे दर बारा सेकंदांनी एकदा. थर टिकतो चार सेकंद. उरलेले आठ सेकंद बुबुळ उघडं. प्रत्येक बारा सेकंदांतले आठ, असं दहा तास. खुपणार नाही तर काय होईल?

वीस सेकंद हे इथे कामाला येतात. तरुण डोळ्यात भिंगाला सैल व्हायला एखादा सेकंद पुरतो, त्यासाठी वीस लागत नाहीत. पण वीस सेकंदांत सहा-सात वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटता येतात. वरची पापणी खालच्या पापणीला टेकल्याचं जाणवलं पाहिजे, एवढं मिटायचं. मग क्षणभर थांबून उघडायचं. डोळे गच्च आवळायची गरज नाही, नुसतं टेकवायचं. नियम सांगताना लोक तीन वीस सांगतात आणि ही मिटण्याची गोष्ट गाळतात. माझ्या मते ती गाळली तर दादासारख्यांना निम्माच फायदा.

नियमाला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रास होणाऱ्या 29 जणांना लॅपटॉपवरून दोन आठवडे या नियमाची आठवण करून दिली गेली. तक्रारी कमी झाल्या. आठवण बंद केल्यावर आठवड्याभरात तो फायदा टिकलेला दिसला नाही. म्हणजे हा नियम औषधाच्या कोर्ससारखा नाही की घेतला आणि संपलं. दात घासण्यासारखा आहे, केला त्या दिवसापुरता.

आणि आठवण राहायची कशी? मोबाइलचा गजर बहुतेकांचा तिसऱ्या दिवशी बंद होतो. शेजारचा वैतागतो, नाहीतर नेमका क्लायंट फोनवर असताना वाजतो. दादाच्या बाबतीत आम्ही नियम कामालाच बांधला. फाइल सेव्ह केली की खिडकीबाहेर नजर, फोन आला की खिडकी, प्रिंट दिली की कागद बाहेर पडेपर्यंत खिडकी. वीसच्या जागी कधी पंधरा मिनिटं झाली, कधी पंचवीस. चालतं. आठ तासांत वीस-वीस मिनिटांचे चोवीस तुकडे होतात, प्रत्येकात वीस सेकंद, म्हणजे दिवसभरात एकूण आठ मिनिटं. हे गणित त्यानं त्याच्या सरांनाही ऐकवलं.

वीस फूट कसे ओळखायचे? ऑफिसातल्या फरशा बघा. आजकाल बहुतेक ठिकाणी दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात, त्या दहा मोजल्या की वीस फूट. त्याच्या खुर्चीपासून सातव्या टाइलवर भिंत येत होती, पण डाव्या खिडकीतून पलीकडचा कडुलिंब आणि त्यामागून जाणारी मेट्रो दिसायची. कडुलिंब ठरला. झाडाकडे नुसतं बघून उपयोग नाही, पान-फांदी शोधावी लागते, म्हणजे नजर खरंच तिथे जाऊन पोचते. रिकाम्या भिंतीकडे शून्यात बघणारा माणूस बरेचदा मनानं स्क्रीनवरच असतो.

नागपूरची एक खास अडचण आहे, ती म्हणजे कूलर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवा अशी कोरडी होते की वाळत घातलेला टॉवेल आंघोळ उरकेपर्यंत कडक होतो. अशा हवेत अश्रूही भराभर उडतात. कूलरची हवा खरं तर ओलसर असते, त्या बाबतीत तो एसीपेक्षा बरा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. पण खिडकीतल्या कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसायची आपली सवय. झोत ओला असो की कोरडा, वाहत्या हवेत डोळ्यावरचा थर टिकत नाही. दादाच्या टेबलाच्या समोरच, सहा फुटांवर कूलर होता. त्याला म्हटलं, कूलर बंद करू नको, मे महिन्यात कोणी ऐकणार नाही. जाळीच्या पट्ट्या छताकडे वळव, किंवा टेबल फिरव. त्यानं टेबल फिरवलं. एसीच्या ऑफिसात हाच उपाय व्हेंटच्या पात्यांचा.

त्याचबरोबर मॉनिटरही खाली आला. तो दोन जाड फायलींवर चढवून ठेवलेला होता, मानेसाठी म्हणून. स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असला की नजर खाली वळते, पापणी थोडी उतरते आणि डोळ्याचा कमी भाग हवेला उघडा राहतो. जितका उघडा भाग कमी, तितकं कमी पाणी उडतं. हात लांब केल्यावर बोटं स्क्रीनला जेमतेम टेकतील, इतकं अंतर बहुतेकांना बरं पडतं.

त्यानं अजून दोन गोष्टी विचारल्या, ज्या सगळेच विचारतात. एक, निळा प्रकाश अडवणारी काच घेऊ का? आम्ही ती विकतो, तरी सांगते, डोळ्यांच्या थकव्यासाठी तिच्यावर पैसे घालू नका. 2023 मध्ये कॉक्रेन संस्थेनं आतापर्यंतचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा साध्या काचेच्या तुलनेत थकव्यात निदान थोड्या काळापुरता फरक पडत असल्याचं दिसलं नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दुपारच्या उन्हातल्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

दुसरी गोष्ट थेंबांची, आणि इथे मी जरा कडक होते. त्याच्या खिशात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली बाटली होती. घातली की लाली जाते, म्हणून त्याला आवडली होती. बघितलं तर त्यात स्टेरॉइड. असे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि दाब वाढताना माणसाला कळतही नाही. ते ताबडतोब बंद करायला सांगितलं आणि दाब तपासून घ्यायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दाब ठीक निघाला. कोरडेपणासाठी डॉक्टरांनी ओलावा देणारे साधे थेंब दिले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, कारण दिवसात चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर तेच बरे.

नियम कधी उपयोगी पडत नाही, तेही त्याच आठवड्यात दिसलं. एका बँकेतल्या काकू आल्या, वय सत्तेचाळीस. तीन महिने वीस-वीस-वीस अगदी काटेकोर पाळत होत्या, तरी कपाळ दुखायचं आणि मान आखडायची. त्यांना बायफोकल होता. खालच्या भागाचा नंबर पुस्तक धरतो त्या अंतरासाठी, सोळा इंचांसाठी काढलेला, आणि स्क्रीन होती चोवीस इंचांवर. वरून बघितलं तर जवळचं धूसर, खालून बघायचं तर हनुवटी वर उचलून. दिवसभर त्या हनुवटी वर करून बसत होत्या. चाळिशीनंतर भिंग कडक होत जातं, त्याला पुरेसं फुगता येत नाही, मग वीस सेकंद लांब बघून त्याला काय फरक पडणार? त्यांचा स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा केला. म्हणून नंबर तपासायला जाताना तुमच्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपनं मोजून आणा. तपासणाऱ्याला ते विचारायचं सुचलं नाही तर तुम्ही सांगा.

अचानक नजर कमी होणं, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं दिसणं किंवा एकदम काळे ठिपके तरंगायला लागणं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसून डोळा दुखणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही असलं तर नियमबियम बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. ती स्क्रीनची तक्रार नसते.

दादा पाच आठवड्यांनी पुन्हा आला. पुन्हा केशरी पट्टी, निळा दिवा, आणि मोजणी. या वेळी ठिपका सातव्या सेकंदाला उमटला. दहा नाही, पण चार तर नाही. नव्या व्हिडिओत मिनिटाला अकरा. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसांत अजून खुपतं म्हणाला, पण सिग्नलचे आकडे फाटायचे थांबले होते.

मग जरा वैतागून म्हणाला, "पण मॅडम, एक नवीन लफडं झालं. बाजूच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी होऊन राहिली. हिरव्या जाळीनं अख्खा कडुलिंब झाकून टाकला. आता खिडकीतून सिमेंटच दिसते, अन् तेही दहा फुटांवर."

मी त्याला आमच्या खोलीतच मागे वळून बघायला सांगितलं. आमची तपासणीची खोलीही वीस फुटांची नाही, जेमतेम दहा-अकराची आहे. अक्षरांचा तक्ता त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर होता आणि तो इतके दिवस समोरच्या आरशात तो वाचत होता. डोळ्यापासून आरशापर्यंत दहा फूट, आरशापासून तक्त्यापर्यंत दहा फूट, डोळ्याच्या हिशेबानं वीस.

आता त्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक आरसा आहे, आणि पाठीमागच्या भिंतीवर कॅलेंडर. आरशात ते उलटं दिसतं, त्यामुळे तारीख शोधायला नजर नीट लावावी लागते. ऑफिसातले म्हणतात, हा भाऊ दर वीस मिनिटांनी भांग बघून राहिला.